मुखड्यात बसतं, अंतऱ्यात निसटतं: गाण्याच्या व्हिडिओतले कट आणि परत येणारं चित्र ठेक्यावर कसं आणायचं

नाशिकमध्ये गोदाघाटावर, पंचवटीत किंवा द्राक्षबागेत चित्रित झालेली मराठी गाणी संकलनाला बसली की एक तक्रार हमखास येते. प्रत्येक कट बीटवर ठेवलेला असतो, तरी गाणं बघताना ठेका हातात राहत नाही. शिवाय गाण्यातली मुख्य प्रतिमा, नदी असो की दिवा, तीन वेळा दाखवूनही कुणाच्या लक्षात राहत नाही. या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण बहुतेक वेळा दुसरी पहिलीतूनच येते. परत येणारं चित्र प्रत्येक वेळी त्याच शब्दावर आणि त्याच मात्रेवर आलं, तरच ते परत आल्याचं जाणवतं. तिसऱ्या वेळी ते अर्धी मात्रा सरकलेलं असेल, तर डोळ्याला तो नुसता आणखी एक शॉट असतो.

लक्षणं नीट ओळखा

दुरुस्तीआधी चूक कोणत्या जातीची आहे ते ठरवा, नाहीतर चांगले कटही हलवून बसाल. एक्स्पोर्ट केलेली फाइल तीन जागी बघा: पहिला मुखडा, पहिल्या अंतऱ्याचा मध्य आणि शेवटचा मुखडा.

- तिन्ही ठिकाणी कट सारखेच उशिरा येत असतील, तर चूक ऐकण्यात किंवा गाण्याच्या फाइलमध्ये आहे.
- सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे फरक वाढत जात असेल, तर चूक मोजणीत किंवा फ्रेमरेटमध्ये आहे.
- कट बरोबर ठोक्यावर पडतात, पण सगळं उलटं, टाळी चुकल्यासारखं वाटतं, तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकीच्या जागी धरली आहे.
- कट समेवर आहे, तरी बोथट वाटतो. इथे चूक कटात नसते, शॉटच्या आतल्या हालचालीत असते.
- कधी पुढे, कधी मागे, काही नियमच सापडत नाही, तर वादन ठरावीक लयीच्या क्लिकशिवाय झालेलं असण्याची शक्यता मोठी आहे. हे सगळ्यात अवघड प्रकरण, म्हणून ते शेवटी घेतलं आहे.

समजावून सांगण्यासाठी एकच काल्पनिक गाणं धरू. लांबी ३ मिनिटं ४० सेकंद, ताल केरवा, टाइमलाइन २५ फ्रेमची. सॉफ्टवेअर वेग ९२ बीपीएम दाखवतं. मुखड्याची ओळ अशी:

*पायरी पायरीनं चढं गोदामाई,*
*तसा जीव माझा भरून येई.*

पहिली तपासणी: कान

याला खर्च नाही, पाच मिनिटं लागतात. मार्कर टाकताना ब्लूटूथ हेडफोन कानात होते का? असतील तर आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, तेव्हा मार्कर चार ते सहा फ्रेम उशिरा पडतात. ठेका ऐकत मार्करची M कळ दाबत गेलात तर सगळेच मार्कर तेवढे उशिरा बसतात आणि त्याच हेडफोनवर तपासलं की ते बरोबरही वाटतात. म्हणून ही चूक घरी सापडत नाही, गाणं दुसऱ्याच्या स्पीकरवर वाजतं तेव्हा सापडते.

तारेचा हेडफोन लावा, वेव्हफॉर्म मोठा करा आणि ढोलकीच्या एका ठळक थापेपाशी जा. थापेचा उभा चढ जिथे सुरू होतो, तिथेच मार्कर हवा. सगळे मार्कर सारखेच उशिरा असतील तर ते एकत्र उचलून तेवढे फ्रेम डावीकडे आणा, काम झालं. हीच चूक उलट्या बाजूनेही होते. घरचा टीव्ही स्वतःच आवाज उशिरा देत असेल, तर बरोबर असलेलं संकलनही त्यावर चुकीचं दिसतं. एका पडद्यावर बघून कट हलवू नका.

दुसरी तपासणी: हेच गाणं आहे ना?

संकलन बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एमपीथ्रीवर सुरू होतं आणि स्टुडिओची वेव्ह फाइल शेवटी येते. एमपीथ्री तयार होताना सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते, त्यामुळे दोन्ही फाइल शून्यापासून लावल्या तरी एखाद-दोन फ्रेमचा फरक पडू शकतो. नवी फाइल जुनीच्या खालच्या ट्रॅकवर ठेवा आणि पहिली थाप थापेखाली आणा. मग शेवटच्या थापेपाशी जा. तिथेही थापा जुळल्या, तर जुनी फाइल काढून टाका आणि पुढचं काम फक्त वेव्हवर करा. सुरुवात जुळते आणि शेवट जुळत नाही, तर मास्टर करताना गाण्याची लांबी किंवा वेग बदललेला आहे. अशा वेळी आपल्या हाताने गाणं ताणू नका. मिक्स करणाऱ्याला विचारा आणि वेगाचा आकडाही त्याच्याकडूनच घ्या. हा आकडा त्याच्या सेशनमध्ये लिहिलेला असतो, सॉफ्टवेअरच्या अंदाजापेक्षा तो केव्हाही भरवशाचा.

गाणाऱ्याचे ओठ हळूहळू सुटत असतील तर क्लिपचा फ्रेमरेटही बघा. मोबाइलचं चित्रण पुष्कळदा बदलत्या फ्रेमरेटचं असतं. मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडली की `Frame rate mode: Variable` असं दिसतं. ती क्लिप टाइमलाइनवर आणण्याआधी ठरावीक फ्रेमरेटची करून घ्या:

```
ffmpeg -i in.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le -ar 48000 out.mov
```

मूळ क्लिप ३० फ्रेमची असेल तर अशाने मधले फ्रेम गळतात आणि संथ पॅनमध्ये झटके दिसतात. तेव्हा पुढच्या चित्रीकरणात कॅमेरा आधीच २५ वर लावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने १/५० शटरसोबत २५ फ्रेम ठेवले की ट्यूबलाइटची फडफडही टळते.

तिसरी तपासणी: बेरीज

सगळ्यात जास्त गाणी इथे बिघडतात, म्हणून इथे जरा थांबू.

केरव्याच्या आठ मात्रा: धा गे ना ती, न क धी न. आपल्या गाण्यात सॉफ्टवेअर ज्याला एक बीट म्हणतं त्यात दोन मात्रा येतात, म्हणजे एक आवर्तन चार बीटचं. एका बीटला ६० × २५ ÷ ९२, म्हणजे १६.३ फ्रेम लागतात आणि एका आवर्तनाला ६५.२२ फ्रेम. टाइमलाइनवर फ्रेमचा तुकडा करता येत नाही, म्हणून संकलक ६५ धरतो. एक ६५ फ्रेमचा कट बरा बसला की तोच पुढे चिकटवत जातो.

दर आवर्तनाला पाव फ्रेमपेक्षाही कमी चूक होते. पहिली आठ-नऊ आवर्तनं, म्हणजे वीस-तेवीस सेकंद, काहीच कळत नाही, कारण दोन फ्रेमच्या आतला फरक डोळा सोसतो. तेवढ्यात मुखडा संपलेला असतो. चाळीस आवर्तनांनंतर, १:४७ च्या आसपास, कट नऊ फ्रेम आधी पडतो. या गाण्यात एक मात्राच ८.१५ फ्रेमची आहे, म्हणजे अख्खी मात्रा गेली. शेवटच्या मुखड्यापर्यंत दोन मात्रा जातात. ‘मुखड्यात बसतं, अंतऱ्यात निसटतं’ ही तक्रार जिथे ऐकू येते, तिथे आधी ही बेरीज तपासावी. वाढत जाणारा फरक फ्रेमरेटमुळेही येतो, पण बेरजेची चूक फार अधिक भेटते.

उपाय असा, की पुढची सम मागच्या समेपासून मोजायची नाही, प्रत्येक सम पहिल्या समेपासून मोजायची. स्प्रेडशीटच्या A स्तंभात A2 पासून खाली आवर्तनाचा क्रमांक ० पासून लिहा, E1 मध्ये पहिल्या समेचा फ्रेम लिहा आणि B2 मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=ROUND($E$1+A2*4*60*25/92,0)
```

पहिली सम ७१ व्या फ्रेमवर असेल तर उत्तरं ७१, १३६, २०१, २६७, ३३२, ३९७ अशी येतात. अंतरं बघा: ६५, ६५, ६६, ६५, ६५. तो मधेच येणारा ६६ हीच खरी दुरुस्ती. गोळाबेरीज प्रत्येक वेळी नव्याने होते, साठत नाही. त्यामुळे कोणताही मार्कर खऱ्या समेपासून अर्ध्या फ्रेमच्या पलीकडे जात नाही.

मार्कर फक्त समेवर टाका, बीटबीटवर नको. ३ मिनिटं ४० सेकंदांत सुमारे ८४ समा येतात. बीटला बीट मार्कर टाकलेत तर सव्वातीनशेपेक्षा जास्त होतात, आणि समोर दिसणाऱ्या प्रत्येक मार्करवर कट मारायचा मोह होतो. मग गाणं शिलाई मशीनसारखं वाजतं.

चौथी तपासणी: सम कुठे धरली?

आपल्या गाण्यात ‘पायरी पायरीनं’ हे शब्द पाचव्या मात्रेवरून, म्हणजे जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात त्या ‘खाली’च्या मात्रेवरून उठतात आणि ‘चढं’ समेवर येतं. असा समेआधी उठणारा मुखडा मराठी भावगीतापासून भजनापर्यंत सगळीकडे सापडतो. सॉफ्टवेअरला हे कळत नाही. गाणं जिथे सुरू झालं तिथे ते ‘एक’ धरतं, आणि मार्करांची सगळी जाळी चार मात्रा, म्हणजे ३३ फ्रेम सरकते. प्रत्येक मार्कर ठोक्यावरच असतो, पण समेच्या जागी खाली आलेली असते. हातात मोजपट्टी घेऊन ही चूक सापडत नाही, हाताने टाळी द्यावी लागते. गाणं लावा, सम-खाली धरून टाळी द्या आणि मार्कर टाळीवर येतो का बघा. ताल नीट कळत नसेल तर शेजारच्या भजनी मंडळातल्या तबलजीला दहा मिनिटं बसवा. इथे तोच खरा जाणकार, आणि त्याने दाखवलेली एक सम सगळी जाळी सरळ करते.

गाणं दादऱ्यात असेल तर आणखी एक तपासणी करा. सहा मात्रांचं आवर्तन काही सॉफ्टवेअर चारच्या हिशेबात बसवतात आणि वेगाचा आकडा दीडपट किंवा दोन तृतीयांश येतो. आकडा पटत नसेल तर दहा आवर्तनांना लागलेला वेळ मोजा आणि वेग त्यावरून काढा.

पाचवी तपासणी: कट समेवर की थाप समेवर?

डोळ्याला ठेका कळतो तो हालचाल जिथे आपटते तिथे: पाय जमिनीला लागतो, दार मिटतं, लाट पायरीवर फुटते. पाऊल वर असताना समेवर कट मारला आणि ते सात फ्रेमनंतर टेकलं, तर सम कटाला मिळते आणि पाऊल अधांतरी वाजतं. मग पडद्यावर दोन ठोके होतात, एक कानाला आणि एक डोळ्याला.

म्हणून आधी क्लिपमध्ये तो आपटण्याचा फ्रेम शोधा आणि त्यावर क्लिप-मार्कर टाका. तो मार्कर टाइमलाइनच्या समेच्या मार्करखाली आणा, मग क्लिपची सुरुवात मागे ओढा. कट कुठे पडेल ते शॉटवर सोडा. तो समेआधी पाच फ्रेमवर पडेल, कधी अख्ख्या चार मात्रा आधी पडेल. शॉटमध्ये आपटणारं काहीच नसेल, समजा स्थिर चेहरा असेल, तेव्हाच कट नेमका समेवर किंवा एक फ्रेम आधी ठेवा.

सहावी तपासणी: परत येणारं चित्र

आता ‘पायरी पायरीनं चढं गोदामाई’. इथे प्रतिमा नुसत्या नदीची नाही, चढणाऱ्या पाण्याची आहे, कारण पुढची ओळ जीव भरून येण्याची आहे. शब्द ‘गोदामाई’ आहे म्हणून नदी दाखवली तर ते शब्दाचं भाषांतर झालं. पाण्याची रेघ वर सरकताना दाखवली तर दोन्ही ओळी एका चित्रात येतात.

रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती नाशिककरांना वेगळा सांगायला नको. पाणी त्याच्या पायाशी की कमरेशी की छातीशी, यावरून शहर पूर ओळखतं. या गाण्याला याहून नेमकी खूण मिळणार नाही. तीनही मुखड्यांना तोच मारुती, तोच कोन, पाणी मात्र दर वेळी वर. पावसाळ्यात वेगवेगळ्या दिवशी वरच्या सुरक्षित जागेवरून ट्रायपॉड लावून हे तीन शॉट घ्यावे लागतील. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घाटावर थांबायचं नाही, कॅमेरा उचलून निघायचं. शॉटसाठी पाण्यात पाय घालणं तर मुळीच नको.

पुराची वाट बघणं शक्य नसेल तर कळशी घ्या. आधी तळाशी पाणी, मग पोटापर्यंत, शेवटी काठोकाठ भरून सांडणारं. मारुती असो वा कळशी, चार गोष्टी पक्क्या ठेवा.

पहिली, जागा. मूर्ती किंवा कळशी फ्रेममध्ये तिन्ही वेळा त्याच ठिकाणी, त्याच आकाराची हवी. पहिल्या शॉटचा स्थिर फ्रेम काढून सेटवर मॉनिटरशेजारी ठेवा आणि त्यावर जुळवा. मूर्ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आली की डोळ्याला पाण्याची उंची तुलून बघता येत नाही, आणि सगळा अर्थ त्या उंचीतच आहे.

दुसरी, मात्रा. कट खालीच्या मात्रेवर, ‘पायरी’च्या पहिल्या अक्षरापाशी घ्या, म्हणजे ‘चढं’ येईपर्यंत डोळ्याला चित्र वाचायला ३३ फ्रेम मिळतात. लाट मूर्तीला लागते तो फ्रेम ‘चढं’च्या समेखाली आणा. क्लिप निवडताना हेच बघा, की लाटेआधी किमान ३३ फ्रेम स्वच्छ आहेत का. तिन्ही मुखड्यांना ही रचना तशीच्या तशी ठेवा. गाणाऱ्याने तिसऱ्या मुखड्यात ‘चढं’ थोडं ओढून उशिरा घेतलं असेल तर लाट समेवरच राहू द्या, शब्दामागे नेऊ नका. ऐकणारा सम धरून बसलेला असतो, गाणारा तिच्याशी खेळतो. दोघांनाही तीच सम लागते.

तिसरी, लांबी. पहिल्या वेळी अख्खं आवर्तन, सुमारे ६५ फ्रेम, द्या. ओळख इथेच होते. दुसऱ्या वेळी लाट लागल्यावर थोड्याच फ्रेमनी कापलं तरी चालतं, कारण ओळखीच्या चेहऱ्याला एक नजर पुरते. तिसऱ्या वेळी पाणी छातीशी आलेलं असतं, तिथे दोन आवर्तनं थांबा. मधे एकही कट नको, ढोलकी कितीही बोलावू दे. सगळं गाणं ठेक्यावर कापत आलात, त्यामुळे इथलं न कापणं जोरात ऐकू येतं.

चौथी, उपास. मुखडे सोडून बाकी गाण्यात नदी दाखवायची नाही. नाशिकच्या गाण्यांत प्रतिमा वाया जाते ती बहुतेक इथेच. अंतऱ्यात चार सेकंद मोकळे राहिले की घाटाचा ड्रोन शॉट भरीला टाकला जातो, अजून मोकळे राहिले की संध्याकाळचे तरंगते दिवे. मग तिसऱ्या मुखड्यात पाणी चढलं काय, उतरलं काय, बघणाऱ्याने नदी दहा वेळा पाहिलेली असते. भरीसाठी माणसं घ्या, गल्ली घ्या, हात घ्या. पाणी राखून ठेवा.

तपासायला आवाज बंद करून अख्खं गाणं अशा माणसाला दाखवा, ज्याने ते ऐकलेलं नाही, आणि विचारा, ‘काय परत परत आलं आणि त्यात काय बदललं?’ ‘मारुती, पाणी वाढत गेलं’ असं उत्तर आलं तर हात लावू नका. ‘नदी’ एवढंच आलं तर जागा जुळलेली नाही. काहीच आठवलं नाही तर भरीचे शॉट काढा, मगच बाकीचं बघा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ढोल-हलगीचं थेट गल्लीत ध्वनिमुद्रण असेल, विशेषतः नाशिक ढोल पथकाचं, तर लय वाढत जाते आणि तिने वाढायलाच हवं. आकड्याची जाळी तिथे चालत नाही. लागोपाठ दहा समांची अंतरं हाताने मोजा. फरक दोन-तीन फ्रेमपेक्षा जास्त असेल तर सूत्र सोडा आणि प्रत्येक सम कानाने ऐकून, वेव्हफॉर्म बघून मार्क करा. ऐंशी-नव्वद समांना तासभर लागतो, पण काम नक्की होतं. जाळीत बसावं म्हणून वादनच ताणायचा विचार कुणी मांडला तर नाही म्हणा. ढोलाची थाप ताणली की तिचा मार मऊ होतो. खरंच ताणावं लागणार असेल तर ते ट्रॅक वेगवेगळे हातात असलेल्या ध्वनिमुद्रकाचं काम आहे, संकलकाचं नाही.

ओठांबाबत एक मर्यादा लक्षात ठेवा. प्रत्येक ओळ वेगळी जुळवल्यावर एकाच ओळीच्या आत, पाचेक सेकंदांत, ओठ सरळ एका दिशेने सुटत असतील तर सेटवर वेगळ्या वेगाचं डेमो वाजलेलं असतं. क्लिपचा वेग तेवढ्या टक्क्यांनी बदलून हे सुधारतं. ओठ कधी पुढे, कधी मागे असतील तर ते वेग बदलून सुटत नाही. ती ओळ पुन्हा चित्रित करा किंवा तिथे चेहरा दाखवू नका.

आणि तिन्ही मुखड्यांचे शॉट वेगळ्या कोनांतून, वेगळ्या लेन्सने घेतलेले असतील, तर झूम आणि क्रॉप करत दोन दिवस घालवू नका. थोडाफार रंगाचा फरक कलरिस्ट एका बैठकीत जुळवतो. पण मूर्तीचा कोनच बदललेला असेल तर तो त्यालाही जुळवता येणार नाही. तेव्हा छायालेखकाला बोलवा, पहिल्या शॉटचा फ्रेम त्याच्या हातात द्या आणि पुन्हा घाटावर जा.